वादविवाद आणि सॉक्रेटिक सेमिनार: बाके गोल मांडल्याने काय होते?

सोलापुरात अकरावी-बारावीच्या वर्गांवर 'सॉक्रेटिक सेमिनार' पाहण्यासाठी मला यंदा दोनदा बोलावणे आले आणि दोन्ही वेळा मी घंटा, दोन पक्ष आणि शेवटी चषक असलेला वादविवादच पाहून परतले. सॉक्रेटिक सेमिनार म्हणजे एक उतारा समोर ठेवून, हारजीत न ठरवता, त्यातल्या ओळींच्या आधाराने मुलांनी आपापसांत प्रश्न विचारत अर्थ शोधण्याची चर्चा. वादविवाद आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे, त्यामुळे त्याचे वर्णन करत नाही. बाके गोल मांडणे, व्यासपीठ नसणे, उभे न राहता बसून बोलणे हे फरक किरकोळ आहेत. सेमिनारला 'परिसंवाद' म्हणणे मात्र मी कटाक्षाने टाळते, कारण त्या शब्दाबरोबर पाहुणे, हारतुरे आणि आभारप्रदर्शन आपोआप येते.

खरा घोटाळा प्रश्नात होतो. वादविवादाचा विषय पुस्तक मिटूनही बोलता येतो. सेमिनारचा प्रश्न उतारा समोर उघडा नसेल तर एक पाऊलही पुढे सरकत नाही. मी बारावीसाठी दीड पानाचा एक गद्य उतारा स्वतः लिहिला होता. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका घरातला हातमाग बंद होतो आणि ती हकिगत नातू सांगतो. दर पाचव्या ओळीला क्रमांक घातले होते. या उताऱ्यावर 'आजोबांनी माग कधी मोडला?' असे विचारले की नवव्या ओळीत उत्तर सापडते आणि विषय संपतो. 'यंत्रमागाने हातमाग बुडवला का?' असे विचारले की वर्ग रंगतो खरा, पण ज्याने उतारा वाचलेलाच नाही तोच सर्वांत जोरात बोलतो. हा वादविवाद झाला. मी विचारलेला प्रश्न असा होता: 'बाराव्या ओळीत गिऱ्हाईक दारात उभे आहे, मग आजोबा माग विकत का नाहीत?' उताऱ्यात याचे उत्तर सरळ लिहिलेले नाही, मात्र एकाहून अधिक उत्तरांना आधार आहे.

पूर्वतयारीचे प्रश्न दोन दिवस आधी एका कागदावर देते, आणि तेही तीनच. पहिले दोन उताऱ्यावरचे असतात व उत्तरापुढे ओळीचा क्रमांक लिहिणे सक्तीचे असते. तिसऱ्या जागी विद्यार्थ्याने स्वतःला खरोखर पडलेला प्रश्न लिहायचा असतो. कागद कोरा असेल तर आतल्या वर्तुळात जागा नाही, यात मी सवलत देत नाही. सत्तरच्या तुकडीतले एका वेळी चोवीसच घेते: बारा आत बोलणारे, बारा बाहेर नोंद ठेवणारे, वीस मिनिटांनी अदलाबदल.

त्या दिवशी एका मुलाने 'आजोबा हट्टी होते' असे ठामपणे सांगून सुरुवात केली. मी चूक-बरोबर काहीच न म्हणता 'कोणती ओळ?' एवढेच विचारले. त्याला ओळ सापडेना, तेव्हा समोरच्या मुलीने सत्ताविसावी ओळ वाचली: 'आजोबांनी एकेक खुंटी हलक्या हाताने काढली आणि फडक्यात बांधली.' हट्टाने मोडणारा माणूस खुंट्या बांधून ठेवील का, असे तिने विचारले. मग तिसऱ्याच्या लक्षात आले की 'मोडला' हा शब्द नवव्या ओळीत नातवाचा आहे, आजोबा तो कुठेही वापरत नाहीत. थोड्या वेळाने पहिला मुलगा म्हणाला, "मग 'हट्टी' मी मागे घेतो." वादविवादात हे वाक्य म्हणजे हार, आणि सेमिनारमध्ये त्या तासाची सर्वांत मोलाची नोंद.

ही नोंद ठेवतानाच बहुतेक जण पुन्हा वादविवादाकडे घसरतात. वक्तृत्वाची गुणपत्रिका पुढे ओढून उच्चार, हावभाव, आत्मविश्वास यांना गुण दिले जातात. किंवा प्रत्येक वेळी बोलण्याला एक गुण ठेवला जातो आणि मग मुले गुणांसाठी 'मीही सहमत आहे' असे म्हणून जागा अडवतात. माझ्या नोंदीचा कागद वेगळा आहे. त्यावर बसल्या क्रमाने नावांचे वर्तुळ काढलेले असते आणि एकाने दुसऱ्याला उत्तर दिले की दोन नावांमध्ये रेघ ओढायची. रेघेवर खूण करायची: ओळीचा आधार दिला तर 'ओ' आणि क्रमांक, प्रश्न विचारला तर 'प्र', मत बदलले तर 'ब'. नऊ वेळा बोलूनही एकही 'ओ' नसलेला विद्यार्थी आणि दोनदाच बोलून दोन्ही वेळा 'ओ' मिळवणारी विद्यार्थिनी या कागदावर लगेच ओळखू येतात.

चित्र पाहून तास कसा गेला तेही कळते. सगळ्या रेघा चाकाच्या आऱ्यांसारख्या शिक्षकाकडे येत असतील तर तो नेहमीचा प्रश्नोत्तरांचा तास होता. दोन मुलांमध्येच रेघांचा जाड पट्टा झाला असेल तर वादविवाद होता, आणि अशा वेळी मी त्या दोघांना थांबवून उरलेल्यांना सत्ताविसावी ओळ पुन्हा वाचायला लावते. प्रश्नानंतरची शांतता मात्र मी मोडत नाही. मनात दहा अंक मोजते, तोवर कोणीतरी पान उलटते.

माझे स्वतःचे बोलणेही मी त्याच कागदावर लाल शाईने नोंदवून घेते. त्या दिवशी लाल रेघा पाच होत्या आणि त्यांतल्या दोन नसत्या तरी चालले असते.