‘एकोणसत्तर’चं ‘एकोणसाठ’ करताना: चुकलेली किंमत दुरुस्त करण्याची पार्श्वभूमी

पॉवर वीडर या तण काढणाऱ्या यंत्राची माहिती देणारा एक व्हिडिओ. सव्वाचार मिनिटांच्या आसपास बोलणारा म्हणतो, ‘याची किंमत आहे एकोणसत्तर हजार रुपये.’ पडद्यावर मात्र ५९,००० असं झळकतं. स्क्रिप्टमध्ये आकडा बरोबर होता, यंत्रावरच्या चिठ्ठीवरही बरोबर होता, फक्त जीभ घसरली. असे व्हिडिओ मी रोज एडिट करतो आणि किंमतीच्या चुका सर्वांत जास्त याच जातीच्या असतात. एकोणसाठ-एकोणसत्तर, त्रेसष्ट-त्र्याहत्तर. आपल्या संख्यावाचनात एकक आधी येतं आणि दशक मागून चिकटतं. त्यामुळे तोंडातून पहिला अर्धा शब्द बरोबर निघतो आणि शेपूट दुसऱ्याच दशकाची लागते. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनपद्धत आणली, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! गणितज्ञ मंगला नारळीकरांनी त्या बदलाची बाजू मांडताना मुलांचा जो गोंधळ सांगितला, तोच माइकसमोर बसलेल्या मोठ्या माणसाचाही होतो.

अशी चूक दुरुस्त करायची म्हणजे कधी आवाजाला ठिगळ लावायचं, कधी अक्षरं बदलायची. ही दोन्ही कामं आज एकाच टाइमलाइनवर होतात, पण त्यांचे इतिहास वेगवेगळे आहेत आणि आजही बऱ्याच चुका त्या वेगळेपणातूनच होतात.

आवाजापासून सुरुवात करू. रेडिओवरचं ध्वनिमुद्रण तबकडीवर होत होतं तोवर चुकलेला शब्द काढण्याचा धड मार्गच नव्हता. मेणाच्या किंवा लॅकरच्या थरावर खाच पडली की पडली. चुकलं तर सगळं पुन्हा बोला. जर्मनीत १९३५ साली बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात मॅग्नेटोफोन हे फितीवरचं यंत्र लोकांपुढे आलं. महायुद्धानंतर जॅक मलिन या अमेरिकी अभियंत्याने अशी यंत्रं स्वतःबरोबर मायदेशी नेली, आणि १९४७ च्या शरद ऋतूत गायक बिंग क्रॉस्बीचा रेडिओ कार्यक्रम फितीवरून प्रसारित होऊ लागला. फितीवरचा आवाज प्रथमच हातात धरता येत होता. स्टुडिओतली फीत सेकंदाला ३८ सेंटिमीटर वेगाने धावायची. ‘एकोणसत्तर’ म्हणायला साधारण पाऊण सेकंद लागतो, म्हणजे हा शब्द फितीवर जवळजवळ एक फूट लांबीचा. रिळं हाताने मागेपुढे फिरवत शब्दाची सुरुवात कानाने शोधायची, फितीच्या पाठीवर मेणाच्या पेन्सिलीने खूण करायची, पात्याने कापायचं, बरोबर बोललेला तुकडा मध्ये बसवायचा आणि मागून चिकटपट्टी लावायची.

फीत सरळ न कापता तिरकी कापत, बहुतेक वेळा ४५ अंशात. सरळ कापली तर जोडावर ‘टक’ असा आवाज येतो, कारण एक आवाज अचानक थांबतो आणि दुसरा अचानक सुरू होतो. पाव इंच रुंदीची फीत तिरकी कापली की जोडही पाव इंच लांब होतो आणि तेवढ्या अंतरात जुना आवाज विरत जाऊन नवा चढत जातो. ३८ सेंटिमीटरच्या वेगाने ते अंतर म्हणजे सेकंदाचा साठावा भाग, सुमारे १७ मिलिसेकंद. आज कॉम्प्युटरवर दोन तुकड्यांच्या सांध्यावर आपण १० ते २० मिलिसेकंदांचा क्रॉसफेड देतो. तो याच तिरक्या कापाचा वारस आहे. मला स्वतःला हे कळलं तेव्हा फार समाधान वाटलं होतं, कारण तोवर मी तो आकडा केवळ सवयीने टाकत होतो.

चित्रफितीवर मात्र हे इतकं सोपं नव्हतं. अँपेक्स या अमेरिकी कंपनीचं चित्रफितीचं यंत्र १९५६ मध्ये आलं, त्याची फीत दोन इंच रुंद. तीही सुरुवातीला पात्यानेच कापत, पण चित्र वाचणारं हेड आणि आवाज वाचणारं हेड यंत्रात एकमेकांपासून दूर बसवलेली होती. चित्राच्या जागी कापलं की आवाज भलत्याच अक्षरावर तुटायचा. एका शब्दासाठी फीत कापणं म्हणजे आतबट्ट्याचा व्यवहार. पुढे न कापता, एका यंत्रावरून दुसऱ्यावर इलेक्ट्रॉनिक पद्धतीने जोडणी करता येऊ लागली, आणि त्यातला ‘इन्सर्ट’ हा प्रकार आपल्या कामाचा. इन्सर्टमध्ये चित्र तसंच ठेवून फक्त आवाजाचा ट्रॅक ठरलेल्या जागेपासून ठरलेल्या जागेपर्यंत नव्याने भरता येतो. यू-मॅटिक आणि बीटाकॅम या व्हिडिओ कॅसेटच्या यंत्रांवर काम केलेली जुनी मंडळी आजही ‘तेवढा ऑडिओ इन्सर्ट मार’ असं म्हणतात. त्यात एक धोका होता. इन्सर्ट सुरू झालं की जुना आवाज पुसला जायचा. ‘आउट’ची, म्हणजे थांबण्याच्या जागेची, खूण चुकली तर पुढच्या वाक्याचं पहिलं अक्षर कायमचं गेलं. आजचं ‘अनडू’ त्या टेबलावर नव्हतं.

अक्षरांची गोष्ट वेगळी. टीव्हीच्या सुरुवातीच्या काळात किंमत, नाव, पत्ता हे सगळं काळ्या पुठ्ठ्यावर पांढऱ्या रंगाने लिहून कॅमेऱ्यापुढे धरत आणि मूळ चित्रावर चढवत. नंतर अक्षरं तयार करणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रं आली. ब्रिटनच्या ॲस्टन कंपनीचं यंत्र आपल्याकडे इतकं रुळलं की वृत्तवाहिन्यांमध्ये खालच्या पट्टीलाच ‘ॲस्टन’ म्हणतात, मशीन कुठलंही असो. पण ही अक्षरं एकदा मास्टर फितीवर चढली की चित्राचाच भाग होत. खालचं चित्र परत मिळवायचं तर अक्षरं नसलेली प्रत हवी. म्हणून काळजी घेणारे लोक अशी ‘क्लीन’ प्रत वेगळी जपून ठेवत. ज्यांच्याकडे ती नसे ते चुकलेल्या आकड्यावर रंगीत पट्टी टाकून तिच्यावर नवा आकडा लिहीत. अशा पट्ट्या जुन्या जाहिरातींमध्ये दिसतात. आज प्रोजेक्ट फाइल उडवून फक्त एक्स्पोर्ट केलेला व्हिडिओ ठेवणारे नेमके याच जागी येऊन अडकतात.

आता पुन्हा आपल्या पॉवर वीडरकडे. पहिला मोह असतो तो फक्त ‘सत्तर’ काढून ‘साठ’ बसवण्याचा, कारण ‘एकोण’ तर तोच आहे. हे जमत नाही. बोलणारा ‘एकोण’चा ‘ण’ म्हणतो तेव्हाच त्याची जीभ पुढच्या अक्षराच्या तयारीला लागलेली असते, आणि वाक्याचा सूरही त्या शब्दावर चढलेला असतो. अर्ध्या शब्दाचा सांधा कितीही बारीक केला तरी आकडा रेल्वे स्टेशनवरच्या उद्घोषणेसारखा तुकड्यातुकड्यांनी ऐकू येतो. म्हणून श्वासापासून श्वासापर्यंत, म्हणजे ‘याची किंमत आहे’ पासून ‘रुपये’ पर्यंत, पूर्ण वाक्य नव्याने घ्यायचं. बोलणाऱ्याला हेडफोनवर आधीची दोन वाक्यं ऐकवायची आणि त्याच ओघात पुढे बोलायला सांगायचं. तीन-चार वेळा घेतलं की एखादं तरी जुन्या सुराशी जुळतं. माइक तोच हवा आणि तोंडापासूनचं अंतरही तेवढंच. शक्यतो वेळही तीच असावी, कारण सकाळी उठल्या उठल्या आवाज जड असतो.

त्यानंतर येते पार्श्वभूमीची शांतता. मूळ चित्रण शेतात झालेलं, मागे वारा आणि लांबवर मोटरपंपाची घरघर. नवं वाक्य घरात बोललेलं. ते तसंच बसवलं तर चार सेकंद पंप बंद पडतो आणि पुन्हा सुरू होतो, आणि ऐकणाऱ्याचं लक्ष नेमकं किंमतीवरून उडतं. चित्रण संपल्यावर कुणीही न बोलता वीस-तीस सेकंद नुसता परिसराचा आवाज भरून ठेवला असेल, ज्याला रूम टोन म्हणतात, तर तो या वाक्याखाली घालता येतो. नसेल तर मूळ वाक्यांमधल्या फटींतून थोडा थोडा गोळा करावा लागतो. बोलण्याच्या सांध्याला १५ मिलिसेकंद पुरतात, पण या खालच्या थराला दोन्ही बाजूंनी अर्धा-एक सेकंद हळूहळू मिसळू द्यावं. ओठ दिसत असतील तर तेवढ्यापुरतं यंत्राचं जवळचं दृश्य वर टाकायचं. मग डोळे मिटून, अर्धा मिनिट आधीपासून ऐकायचं. ठिगळ कुठे आहे हे माहीत असूनही कान तिथे अडखळला नाही, तर काम झालं.

या उदाहरणात पडद्यावरचा आकडा बरोबर होता. उलटही होतं, आणि तेव्हा आकडा एकाच ठिकाणी नसतो. तो सबटायटलच्या फाइलमध्ये असतो, शेवटच्या तक्त्यात असतो, बाहेरच्या थंबनेलवरही असतो. सबटायटल बहुतेक वेळा जुन्या आवाजावरून तयार झालेली असतात. त्यामुळे आवाज दुरुस्त केल्यावर बोलणं ‘एकोणसाठ’ आणि खाली ६९,००० असा नवाच घोळ तयार होतो.

प्रसिद्ध झाल्यावर चूक कळली तर मार्ग आणखी अरुंद होतो. यूट्यूबवर त्याच दुव्यावर फाइल बदलता येत नाही. नवी चढवली की बघणाऱ्यांची संख्या आणि प्रतिक्रिया मागे राहतात. विमिओ या व्हिडिओच्या दुसऱ्या साइटवर फाइल बदलता येते. यूट्यूबने २००८ मध्ये व्हिडिओवर चिठ्ठीसारखी चौकट चिकटवण्याची सोय दिली होती आणि असंख्य लोकांनी चुकीच्या आकड्यांवर तीच लावली. मोबाइलवर ती दिसतच नसे. २०१७ च्या मे महिन्यात ती नव्याने लावणं बंद झालं आणि १५ जानेवारी २०१९ रोजी होत्या तेवढ्या सगळ्या चौकटी काढून टाकल्या गेल्या. त्या दिवशी वर्षानुवर्षांच्या दुरुस्त्या पुसल्या गेल्या आणि खालच्या चुका पुन्हा उघड्या पडल्या. अक्षरं चित्रात पक्की नसली की बदलता येतात, तशी दुसऱ्याच्या हातून जाऊही शकतात. २०२२ पासून यूट्यूबवर व्हिडिओखालच्या वर्णनात अशी नोंद लिहिली की त्या वेळेला कोपऱ्यात दुरुस्तीचं कार्ड येतं. पहिला शब्द इंग्रजीतच लागतो:

```
Correction:
4:12 किंमत ५९,००० रुपये आहे
```

आवाज मात्र ‘एकोणसत्तर’च म्हणत राहतो.

दरम्यान शब्द टाइप करून त्याच माणसाच्या आवाजात बोलवून घेण्याची तऱ्हाही आली. ॲडोबीने २०१६ मध्ये तिचं प्रात्यक्षिक दाखवलं, पण ते उत्पादन बाजारात आणलं नाही; नंतर इतरांनी आणलं. मी अजून माणसालाच पुन्हा बोलावतो. किंमत सांगणं म्हणजे शब्द देणं आहे, आणि तो ज्याचा त्याने द्यावा असं मला वाटतं.

त्या पॉवर वीडरच्या किंमतीला पुढे आणखी एक वळण आलं. २२ सप्टेंबर २०२५ पासून मशागतीच्या यंत्रांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. करासह ५९,००० असलेली किंमत त्या हिशेबाने सुमारे ५५,३०० होते. इतक्या निगुतीने बसवलेलं ‘एकोणसाठ हजार’ एका दिवसात शिळं झालं. तेव्हापासून आमच्याकडे बोलणारा ‘आजची किंमत पडद्यावर दिली आहे’ एवढंच म्हणतो, त्या वाक्याआधी आणि नंतर एकेक सेकंद मोकळा सोडतो, आणि आकडा फक्त अक्षरांच्या थरात राहतो.