२० अंशांचा साइन, दहालक्षांशापर्यंत हमीसह

बारावीच्या लॉग टेबलात ‘नॅचरल साइन’चं पान उघडलं की २० अंशांसमोर .3420 दिसतं. चारच आकडे. समजा आपल्याला सहा हवेत आणि हाताशी कॅल्क्युलेटर नाही, फक्त गुणाकार-भागाकार करता येतो. उत्तर काढता येईल, पण मला त्याहून मोलाचा वाटतो तो पुढचा प्रश्न: खरी किंमत माहीत नसताना आपलं उत्तर किती चुकलंय हे कसं सांगायचं?

आधी कोन रेडियनमध्ये घेऊ. २० अंश म्हणजे π/9, म्हणजे ०.३४९०६५८५. (सूत्रात थेट २० घालणं ही नेहमीची चूक. तसं केलं तर घनाचं पदच हजाराच्या वर जातं.) आता शून्याजवळ साइनशी शक्य तितकी जुळणारी बहुपदी बनवायची. शून्यावर तिची किंमत साइनइतकी हवी, चढ तितकाच हवा, चढ बदलण्याचा वेगही तितकाच हवा, आणि असंच पुढे. साइनचे डेरिव्हेटिव्ह शून्यावर १, ०, −१, ०, १ असे येतात, म्हणून मिळतं:

```
sin x ≈ x − x³/6 + x⁵/120
```

हीच श्रेणी केरळातल्या संगमग्रामच्या माधवाच्या नावे ओळखली जाते. ते चौदाव्या शतकातले. टेलरचं काम १७१५ सालचं.

हमी येते ती लाग्रांजच्या शेषपदातून. तो सांगतो की बहुपदी सोडून जे उरतं, ते दिसायला पुढच्या पदासारखंच असतं. फरक एवढाच की त्यातला डेरिव्हेटिव्ह शून्यावर न घेता ० आणि x यांच्यामधल्या कुठल्यातरी c या बिंदूवर घ्यायचा. हा c नेमका कुठे आहे ते कळत नाही, आणि साइनच्या बाबतीत कळायची गरजही नाही. साइनचा कितवाही डेरिव्हेटिव्ह घेतला तरी तो साइन किंवा कोसाइनच असतो, चिन्ह काय ते बदलेल. त्याचा आकार १ च्या वर जाऊच शकत नाही. म्हणून c च्या जागी सगळ्यात वाईट शक्यता, म्हणजे १, धरायची आणि मोकळं व्हायचं.

आपलं उद्दिष्ट आहे ०.०००००१ पेक्षा कमी चूक. x − x³/6 वर थांबलो तर? पुढचं पद x⁴ चं धरलं तर मर्यादा येते ०.०००६१९. पण साइनमध्ये x⁴ चा सहगुणक शून्य आहे. म्हणजे आपली तिसऱ्या घाताची बहुपदी चौथ्या घाताचीही आहे, आणि शेषपद x⁵/120 पासून मोजता येतं: ०.००००४३२. काही न करता हमी चौदापट घट्ट झाली. तरीही ती पुरत नाही. x⁵ चं पद घेतलं की त्याच कारणाने मर्यादा होते x⁷/5040, म्हणजे सुमारे ०.००००००१२६. हे चालेल. मग आकडेमोड:

```
  0.34906585
− 0.00708877
+ 0.00004319
= 0.34202027
```

इथे एक गोष्ट हमखास निसटते. प्रत्येक पद आपण आठव्या स्थळावर पूर्णांकित केलंय, आणि ती चूक शेषपदात धरलेली नाही. तीन पदांची मिळून ती जास्तीत जास्त ०.०००००००१५ भरते. तीही जोडली तर एकूण चूक ०.००००००१५ च्या आतच राहते. म्हणजे खरी किंमत ०.३४२०२०१२ आणि ०.३४२०२०४२ यांच्यामध्ये कुठेतरी आहे, आणि त्या पट्ट्यातली कुठलीही संख्या सहा स्थळांवर ०.३४२०२० च होते. प्रत्यक्षात sin 20° आहे ०.३४२०२०१४…, पट्ट्याच्या आत.

आता याच सूत्रात ३८० अंश घालून बघा. साइन तोच असतो, पण x होतो ६.६३ आणि उत्तर येतं ६५ च्या आसपास. साइन १ च्या वर जात नाही, त्यामुळे इथे चूक लगेच दिसते. ती दिसली नसती तरी शेषपदाने सांगितलीच असती: x⁷/5040 इथे ११२ येतं, म्हणजे या उत्तराची हमी काहीच नाही. आणखी पदं जोडत गेलं तर श्रेणी शेवटी बरोबर ठिकाणी पोहोचते, पण त्याआधी ३६० वजा करून कोन २० वर आणणं कितीतरी सोपं.

४५ अंशांवर x असतो ०.७८५४. तिथे पाचव्या घाताची मर्यादा ०.००००३६६ येते, म्हणजे उद्दिष्ट हुकतं. आणखी एक पद, −x⁷/5040, जोडलं की मर्यादा x⁹/362880, म्हणजे ०.००००००३१३ च्या आसपास. x लहान झाला की x⁹ ही लहानच होतो, त्यामुळे ही एकच मर्यादा ० ते ४५ अंशांमधल्या प्रत्येक कोनाला लागू पडते. चार पदं, आणि टेबलाचं अर्धं पान दहालक्षांशापर्यंत भरता येतं.