दम लागलाय की अंग तापलंय? ट्रेकवर कुत्र्याचं ओळखायचं कसं

चढावर कुत्रा जीभ बाहेर काढून धापा टाकायला लागला की बरोबरचं कुणीतरी म्हणतंच, "दमलाय, पाच मिनिटं बसू दे." बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. पण दमलेला कुत्रा आणि अंगात उष्णता साठून तापलेला कुत्रा सुरुवातीला जवळजवळ सारखेच दिसतात. पहिल्याला विसावा पुरतो. दुसऱ्याला तेवढ्यावर सोडलं तर तासाभरात जीव जाऊ शकतो.

दोन्हींत धाप असते, कारण कुत्र्याकडे अंग गार करायचं तेच मुख्य साधन आहे. आपल्यासारखा अंगभर घाम त्याला येत नाही, पंजांच्या गाद्यांना येतो तो नावापुरता. जीभ, तोंड आणि नाकातली ओल वाऱ्यावर उडते आणि त्याबरोबर उष्णता बाहेर पडते. हवा दमट असली की ओल उडतच नाही. मग कुत्रा आणखी जोरात धापतो, त्या धापेच्या श्रमानेही उष्णता वाढते आणि चक्र उलटं फिरायला लागतं. म्हणून सह्याद्रीत नुसता तापमानाचा आकडा बघून भागत नाही. पावसाळा संपतानाची २८ अंशांची कोंदट, वारा पडलेली सकाळ कोरड्या हवेतल्या ३० अंशांपेक्षा वाईट ठरू शकते.

आता फरक. दमलेल्या कुत्र्याची जीभ गुलाबी आणि बऱ्यापैकी आटोपशीर असते. सावलीत बसवून पाणी दिलं की पाच-दहा मिनिटांत धाप उतरते. मधेच तोंड मिटतं, कान फिरतात, हाक मारली की शेपटी हलते. तापलेल्या कुत्र्याची जीभ लांब, टोकाला पसरट आणि कडा वर वळलेली दिसते, रंग गडद लाल होतो. लाळ घट्ट, तारेसारखी लोंबते. ओठ वर करून हिरड्या बघा: विटकरी लाल दिसल्या तर धोका, फिकट किंवा करड्या पडल्या तर फार मोठा धोका. पण माझा सगळ्यात जास्त भरवसा वेळेवर आहे. सावलीत दहा मिनिटं होऊनही धाप उतरत नसेल, तर तो नुसता दमलेला नाही असंच धरून चालायचं. मागचे पाय अडखळणं, नजर हरवणं, हाकेला प्रतिसाद न देणं, उलटी किंवा जुलाब यांतलं काहीही दिसलं तर दहा मिनिटंसुद्धा थांबायचं नाही.

थर्मामीटर जवळ ठेवतात ते चांगलंच. गुदद्वारातून मोजलं तर कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सियस असतं. पण जोरात पळालेल्या धडधाकट कुत्र्याचं तापमान थोडा वेळ ४० च्या वरही जातं आणि विसाव्याने खाली येतं. उलट, कोसळलेल्या कुत्र्याचं तापमान मोजेपर्यंत उतरलेलंही असू शकतं. म्हणून आकडा सोबतीला ठेवायचा, निर्णय मात्र चाल आणि शुद्ध बघून घ्यायचा.

एक उदाहरण घेऊ. समजा २८ किलोचा लॅब्रॅडॉर, ऑक्टोबरचा मध्य, लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे राजमाची. एका बाजूचं अंतर साधारण १५ किलोमीटर. बहुतेक कच्चा रस्ता, चढ बेताचा, अधूनमधून झाडी. कर्जतच्या बाजूने, कोंढाण्याहून येणारी खडी वाट मी कुत्र्यासाठी निवडणार नाही. लोणावळ्याच्या वाटेवर गाडी येऊ शकते, हे तर फारच महत्त्वाचं. बेशुद्ध पडलेला २८ किलोचा कुत्रा उचलून डोंगर उतरणं दोघांनाही जड जातं.

निघायचं उजाडायच्या आत. साधारण अर्ध्या तासाने थांबा, प्रत्येक थांब्याला वाटीभर पाणी, म्हणजे दीड-दोनशे मिलिलिटर. घरी बसूनही या वजनाच्या कुत्र्याला दिवसाला दीड लिटरच्या आसपास पाणी लागतं. त्यामुळे ट्रेकला फक्त त्याच्यासाठी किमान तीन लिटर हवंच. ओढ्यांवर विसंबू नये, ऑक्टोबरात ते आटायला लागतात आणि साचलेल्या पाण्यातून लेप्टोचा धोका असतो. तहानलेल्या कुत्र्याला एकदम लिटरभर पिऊ देऊ नये, उलटून पडतं. पट्टा गळ्याला न बांधता छातीला बसणारा हार्नेस घालावा, म्हणजे ओढताना श्वासनळी दाबली जात नाही.

तो मागे पडायला लागला तर आधी पंजे बघायचे. बोटांच्या बेचक्यात करवंदीचा काटा किंवा खडा अडकला असेल, गादीचं कातडं सोललं असेल, तर पंजाला हात लावताच तो पाय ओढून घेतो किंवा तिथेच चाटत बसतो, पण धाप फारशी नसते. काटा निघाला की पुन्हा चालायला लागतो. पंजे ठीक आहेत, पण तो प्रत्येक झुडपाच्या सावलीत आडवा पडतोय, असं झालं तर ती उष्णतेची पहिली खूण. तिथेच थांबायचं. उठवून, बिस्किटाचं आमिष दाखवून पुढे नेऊ नये. मालक चालतोय म्हणून कुत्रा चालतच राहतो आणि घात होतो तो इथेच.

सकाळी दहापर्यंत राजमाचीच्या पायथ्याच्या उधेवाडी गावात पोचलो असं धरू. तिथून वर श्रीवर्धन बालेकिल्ल्याचा चढ कुत्र्यासाठी सोडून द्यायचा, कारण तो उघड्यावर आहे आणि कातळ तापायला लागलेला असतो. हाताची मागची बाजू कातळावर ठेवा. सात सेकंद ठेवता आली नाही, तर त्याच्या गाद्यांनाही तो कातळ सोसणार नाही. दुपार गावात सावलीत काढून चारनंतर परतायचं किंवा गाडी बोलवायची. चढाच्या ट्रेकला मी २६ अंशांच्या वर कुत्रा नेत नाही. पग, बुलडॉग, शिह त्झू अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर लांबच्या ट्रेकला नेऊच नये. वजन वाढलेल्या, म्हाताऱ्या किंवा दाट केसांच्या कुत्र्याला ही मर्यादा आणखी खाली आणावी लागते.

आणि खरंच तापला तर? गाडीकडे पळत सुटू नका, आधी तिथेच गार करा. जवळचं सगळं पाणी, अगदी तुमच्या प्यायचंही, पोटावर, मांड्यांवर, छातीवर, पाठीवर ओता. केसांतून कातडीपर्यंत भिजलं पाहिजे. वारा नसेल तर चटईने किंवा टोपीने घाला. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका, तो लगेच कोमट होतो आणि उष्णता आतच अडकते. गार पाण्याने धक्का बसेल या भीतीने कोमट पाणी शोधत बसू नका, अंगापेक्षा गार असलेलं कुठलंही पाणी चालतं. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालू नका, ते फुप्फुसात जातं. तापमान ३९.५ च्या आसपास आलं की ओतणं थांबवा, नाहीतर अंग गरजेपेक्षा गार होतं. मग गाडीच्या खिडक्या उघड्या ठेवून किंवा एसी लावून दवाखाना गाठा. दवाखान्याला आधी फोन करून ठेवला तर तिथे सलाइनची तयारी होते.

वाटेत तो उठून शेपटी हलवायला लागला तरी दवाखाना चुकवायचा नाही. मूत्रपिंडांवर आणि रक्त गोठण्यावर झालेला परिणाम कधीकधी एक ते तीन दिवसांनी दिसतो: लघवी गडद किंवा फारच कमी होते, शौचात रक्त येतं, हिरड्यांवर किंवा पोटाच्या कातडीवर बारीक लाल ठिपके उमटतात. घरी आल्यावर तीन दिवस रोज हे बघायचं आणि यांतलं एकही दिसलं तर रात्र असली तरी पुन्हा डॉक्टरांकडे न्यायचं.