धाव चढवण्याचा दिवस: कथेमागची पार्श्वभूमी

कथेतले म्हातारे सुतार आणि लोहार एकाच चाकाशी का खोळंबले आहेत, हे कळायला थोडं मागं जावं लागतं. एकेकाळी देशावरचा बराचसा माल लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून घाट उतरायचा. 1830 साली बोरघाटाचा रस्ता गाड्यांना खुला झाला आणि पुढच्या काळात पक्के रस्ते वाढले. खडीवर गाडीच्या चाकाची नुसती लाकडी कड टिकत नाही, म्हणून तिच्याभोवती लोखंडी पट्टी, म्हणजे धाव, हवीच. सुतार-लोहार दोघेही बलुतेदार, पण हे काम एकट्याच्या हातून होण्यासारखं नव्हतं.

सुतार बाभळीच्या लाकडाचं चाक जुळवतो: मधे तुंबा, त्यात 12 आरे, आणि कडेला 6 वाकडे पाटे, एकेका पाट्यात दोन आरे. पाट्यांच्या दर सांध्यात तो मुद्दाम जेमतेम एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, फट ठेवतो. सहा फटींची मिळून पाऊण इंच जागा होते.

समजा चाक साडेचार फुटी आहे. त्याचा घेर भरतो साधारण 14 फूट 2 इंच. लोहार धावेचा आतला घेर त्याहून एक इंच कमी ठेवतो. मग जमिनीवर धाव मांडून भोवती गोवऱ्या रचतात आणि ती चौफेर सारखी लाल करतात. तेवढ्या तापाने लोखंड घेरात सव्वा इंचाच्या आसपास वाढतं. म्हणजे चढवताना हाताशी उरतो जेमतेम पाव इंच. म्हणून घाई आणि म्हणूनच घण. सांडशीने धरून दोघं-तिघं ती चाकावर टाकतात, ठोकून बसवतात, आणि लाकूड पेटायच्या आत पाणी ओततात.

निवताना धाव आवळते. आधी पाऊण इंच फटी मिटतात, सांधे कडकडतात. उरलेला पाव इंच लाकडाला दाबून आऱ्यांना तुंब्यात घट्ट रेटतो. सगळा जीव या पाव इंचात आहे. फट ठेवलीच नाही तर तो सारा इंच आऱ्यांवर येतो. आरे वाकतात, पाटे फुटतात. फटी जास्त ठेवल्या तर सांधे भिडतच नाहीत. पाणी उशिरा पडलं तर कडेचा थर कोळसा होतो आणि काही दिवसांत तो झडून धाव सैल पडते.

लाकूड ओलं असेल, तर चूक त्या दिवशी दिसत नाही. चैत्रात लाकूड आटतं आणि धाव सरकू लागते. शेतकरी मग चाक रात्रभर ओढ्यात ठेवतो. त्याने लाकूड फुगून तात्पुरती पकड येते, पण वाळलं की पुन्हा तेच. खरा उपाय एकच: धाव उतरवून, कापून, लहान करून पुन्हा चढवणं. बसवून झाल्यावर म्हातारा हातोडीने धाव ठिकठिकाणी वाजवून पाहतो. घट्ट असेल तिथे खणखणते, सैल असेल तिथे बद्द वाजते.