सिंहगड उतरल्यावर मंगळवारी मांड्या का दुखतात?

रविवारी सकाळी आतकरवाडीतून सिंहगड चढायचा, वर पिठलं-भाकरी खायची आणि त्याच वाटेने उतरायचं. सवय नसलेल्या माणसाला हा बेत सोमवारी थोडा आणि मंगळवारी चांगलाच जाणवतो. जिना चढता येतो, पण उतरताना कठडा धरावा लागतो. जिममध्ये सांगितलं की ट्रेनर म्हणतो, 'लॅक्टिक ॲसिड साठलंय, लिंबूपाणी प्या.' हे स्पष्टीकरण अनेक दशकांपूर्वीच मोडीत निघालं आहे. ते कसं मोडलं हे समजलं, की दुखत्या अंगाने व्यायाम करावा की नाही याचं उत्तरही बरंचसं मिळतं.

ॲसिडची गोष्ट अगदीच हवेतून आलेली नाही. १९०७ मध्ये केंब्रिजच्या फ्लेचर आणि हॉपकिन्स यांनी दाखवलं, की थकलेल्या बेडकाच्या स्नायूत लॅक्टिक ॲसिड वाढतं. पुढे ए. व्ही. हिल आणि ओटो मायरहॉफ यांना स्नायूंवरच्या कामासाठी १९२२ चं नोबेल मिळालं आणि थकवा म्हणजे लॅक्टिक ॲसिड हे समीकरण रूढ झालं. थकव्याला लावलेलं कारण मग दोन दिवसांनी होणाऱ्या दुखण्यालाही चिकटलं. वास्तविक दमछाक करणाऱ्या व्यायामानंतर रक्तातलं लॅक्टेट, म्हणजे लॅक्टिक ॲसिडचंच शरीरातलं रूप, साधारण तासाभरात मूळ पातळीवर येतं. मंगळवारच्या दुखण्याचा दोष त्याला द्यायचा, तर मधले दोन दिवस ते कुठे होतं हे सांगावं लागेल.

गंमत म्हणजे बरोबर दिशेचा अंदाज त्याआधीच कागदावर आला होता. १९०२ मध्ये अमेरिकेत थिओडोर हॉफ यांनी बोटाच्या स्नायूंना उपकरणावर राबवून पाहिलं. थकवा किती आला आणि नंतर दुखलं किती, यांचा मेळ बसत नव्हता. दुखणं जास्त जुळत होतं ते स्नायूवर पडलेल्या ताणाशी. उशिरा येणारं हे दुखणं स्नायूच्या आतल्या बारीक फाटण्यामुळे असावं, असं त्यांनी मांडलं. पण ते सिद्ध करायला लागणारी साधनं तेव्हा नव्हती.

वळण आलं ते स्नायू काम करतो कसा, याकडे पाहिल्यावर. गड चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत जाऊन शरीर वर उचलतो. उतरताना तोच स्नायू ब्रेक लावतो. वजन पेलतो, पण त्याच वेळी लांबत जातो. १९५२ मध्ये लंडनमध्ये ॲबट, बिगलँड आणि रिची यांनी दोन सायकली पाठीला पाठ लावून एकाच साखळीने जोडल्या. एकाने पुढे पेडल मारायचं, दुसऱ्याने त्याला विरोध करायचा. विरोध करणाऱ्याला प्राणवायू फार कमी लागत होता, म्हणून लहान चणीची बाई धडधाकट पुरुषाला सहज दमवू शकत असे. लांबत काम करणं स्वस्त पडतं ते असं. प्रत्येक तंतूवर ताण मात्र जास्त येतो, कारण तेवढ्याच वजनासाठी कमी तंतू कामाला लागतात.

डेन्मार्कच्या आस्मुसेन यांनी १९५६ मध्ये दाखवलं, की नंतरचं दुखणं या ब्रेक लावण्याच्या कामातूनच येतं. १९८३ मध्ये लंडनमध्ये न्यूहॅम आणि सहकाऱ्यांनी माणसांना वीस मिनिटं पायरीवर चढ-उतार करायला लावली. एका पायाने फक्त चढायचं, दुसऱ्याने फक्त उतरायचं. दुखला तो उतरणारा पाय. त्याच वर्षी श्वेन आणि सहकाऱ्यांनी ॲसिडचा हिशोबही संपवला. ट्रेडमिलवर ४५ मिनिटं सपाट धावणाऱ्यांच्या रक्तात लॅक्टेट वाढलं, पण नंतर ते दुखले नाहीत. दहा टक्के उतारावर धावणाऱ्यांत लॅक्टेट वाढलं नाही, पण त्यांचे पाय चांगलेच दुखले.

सिंहगडावर हे मनातल्या मनात करून पाहा. एकजण पायी चढतो आणि जीपने उतरतो. दुसरा जीपने वर जातो आणि पायी उतरतो. घाम पहिल्याचा निघेल. मंगळवारी कठडा दुसरा धरेल.

आत घडतं ते असं. ताणाखाली लांबताना तंतूंमधले काही सूक्ष्म भाग प्रमाणाबाहेर ताणले जातात. स्वीडनमध्ये फ्रिडेन आणि सहकाऱ्यांनी जिने उतरलेल्यांच्या स्नायूचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा त्या भागांना जोडणाऱ्या रेषा विस्कटलेल्या दिसल्या. ताकद लगेच घटते, म्हणून गड उतरून गाडीतळावर येईपर्यंत पाय थरथरतात. दुखणं मात्र नंतर येतं. दुरुस्तीच्या कामात सुटणारी रसायनं स्नायूतल्या आणि त्याच्या आवरणातल्या मज्जातंतूंना हळवं करतात, आणि त्याला एक-दोन दिवस लागतात. त्यामुळे दुखणं हे इजेचं भरवशाचं माप नव्हे. दुखणं ओसरलं तरी ताकद पूर्ण परतलेली नसू शकते.

आता मुद्द्याचा प्रश्न: मंगळवारी जिमला जायचं का? इथे कामाला येतात कझुनोरी नोसाका आणि प्रिसिला क्लार्कसन यांचे प्रयोग. त्यांनी दंडाच्या स्नायूला असं लांबवणारं जड काम दिलं आणि तेच काम तिसऱ्या व सहाव्या दिवशी पुन्हा करवलं. इजा वाढली नाही, सुधारणाही थांबली नाही. शिवाय असा एक प्रसंग झाला, की त्याच स्नायूला पुढच्या वेळी बरंच कमी दुखतं आणि हे संरक्षण कित्येक आठवडे टिकतं. म्हणजे दुखत असताना हलल्याने स्नायू 'फाटत' नाही. पण ताकद कमी असताना जड वजन घेतलं, तर ढब बिघडते आणि भार गुडघ्यावर किंवा कमरेवर जातो. खरा धोका तिथे आहे.

म्हणून गडावरून आलेल्याने मंगळवारी खांदे-छातीचा व्यायाम खुशाल करावा. पायांना सायकल बरी, कारण पेडल मारताना स्नायू जवळपास फक्त आखडतो, ब्रेक लावत नाही. हलताना दुखणं थोडं कमी वाटेल, थांबल्यावर परत येईल, त्यात काळजीचं काही नाही. वजन घेऊन स्क्वॉट मारायचे असतील तर आधी वजनाशिवाय दहा बैठका माराव्यात. आठव्या-नवव्या बैठकीपर्यंत मांड्या मोकळ्या झाल्या आणि नेहमीइतकं खाली जाता आलं, तर निम्म्या वजनाने करायला हरकत नाही. शरीर एका बाजूला झुकत असेल, तर ते गुरुवार-शुक्रवारवर ढकलावं. स्ट्रेचिंगवर फार भिस्त ठेवू नये. एकत्रित अभ्यासांत त्याने दुखणं शंभरपैकी जेमतेम एक ते चार गुणांनी कमी झालेलं दिसतं.

हे सगळं लागू आहे ते दोन्ही मांड्यांत पसरलेल्या, दुसऱ्या दिवशी सुरू झालेल्या दुखण्याला. उतरताना एका क्षणी कळ आली, एकाच जागी बोट ठेवता येतं, सांध्यापाशी दुखतं किंवा काळंनिळं झालं, तर ती दुखापत समजावी आणि त्या पायाचा व्यायाम थांबवावा. आणखी एक गोष्ट विरळा पण गंभीर आहे. पहिल्याच दिवशी पैजेवर शेकडो बैठका मारणाऱ्यांत ती दिसू शकते. स्नायू टणक सुजतात, दुखणं तीन दिवसांनीही वाढतच जातं आणि लघवी कोऱ्या चहासारखी गडद होते. तुटलेल्या स्नायूतलं प्रथिन तेव्हा मूत्रपिंडावर आलेलं असतं, म्हणून त्याच दिवशी रुग्णालय गाठावं, आणि तोवर वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नयेत.