ग्लोब बिघडलेला नाही, उलटा फिरवला जातोय

आमच्याकडून आठ इंची पृथ्वीगोल नेणाऱ्यांपैकी बरेच पालक आठवड्याभरात एकच तक्रार घेऊन परत येतात: "दिव्यासमोर फिरवला की मुंबईला सूर्य आधी उगवतो, मग जळगावला, आणि कलकत्ता शेवटी. छपाई चुकली का?" छपाई बरोबर आहे. हात उलट्या दिशेने फिरतोय.

ग्लोबचा उत्तर ध्रुव वर असताना आपल्यासमोरची बाजू डावीकडून उजवीकडे सरकली पाहिजे, म्हणजे पश्चिमेकडून पूर्वेकडे. उजव्या हाताने ग्लोब स्वतःकडे ओढायची सवय असते, म्हणून तो नेमका उलटा फिरतो. ओळखायची खूण सोपी: अंधारातून उजेडात येताना कलकत्ता जळगावच्या आधी यायला हवं. दोन्हींत साधारण १३ रेखांशांचं अंतर आहे आणि दर अंशाला ४ मिनिटं लागतात, म्हणजे सुमारे ५२ मिनिटं आधी.

"एकाच दिशेने फिरणारा ग्लोब का ठेवत नाही?" असंही विचारतात. मुलाला "मघाशी तिकडे काय होतं?" असं मागे फिरवून बघायचं असतं, म्हणून आम्ही तो दोन्हीकडे मोकळा ठेवतो. त्याऐवजी बैठकीवर लाल बाणाची चिकटपट्टी लावून देतो. ती पुसताना निघाली असेल तर दुकानातून दुसरी घेऊन जा, पैसे नाहीत.

आता मांडणी. खोली अंधारी करा आणि शेड काढलेला ९ वॅटचा एलईडी बल्ब ग्लोबच्या मध्याच्या उंचीवर ठेवा. टॉर्च नको. तिचा झोत अरुंद असतो, शिवाय ती हातात असली की माणूस ग्लोबऐवजी टॉर्चच फिरवू लागतो आणि पोराच्या डोक्यात पक्कं बसतं की सूर्यच आपल्याभोवती फिरतो. ज्या ग्लोबच्या पोटात बल्ब आहे, त्याचा तो बल्ब बंद ठेवा. तो नकाशा वाचायला आहे, त्याने सगळ्या देशांत एकदमच दिवस होतो.

दिवा लांब हवा. ग्लोबच्या मध्यापासून फूटभर अंतरावर ठेवलात तर निम्मा गोल उजळतच नाही. विषुववृत्तावर ३६० पैकी जेमतेम १४१ अंश उजेडात येतात आणि दिवस साडेनऊ तासांचाच होतो. पाच फुटांवर नेलात तर तो साडेअकरा तासांपर्यंत येतो, एवढं पुरे. मागची भिंत पांढरी असेल तर काळी चादर टांगा, नाहीतर परतलेला उजेड रात्रीच्या बाजूवर पडतो.

ग्लोबचा आस साडेतेवीस अंश कललेला असतो. पहिल्या दिवशी ऋतूंच्या भानगडीत पडू नका. दिव्याच्या जागेवरून पाहताना उत्तर ध्रुव डावीकडे किंवा उजवीकडे झुकलेला दिसेल असा स्टँड वळवा. ही मार्च आणि सप्टेंबरमधली समान दिवस-रात्रीची स्थिती. ध्रुव दिव्याकडे झुकलेला राहिला की तिथे अंधारच पडत नाही, आणि मूल तोच प्रश्न धरून बसतं.

आता नेहमीचा प्रश्न घ्या: आपल्याकडे संध्याकाळ आहे, मग न्यूयॉर्कच्या मामाकडे सकाळ कशी? दिवा मुलाच्या डाव्या हाताला ठेवा. जळगाववर कणकेची बारीक गोळी चिकटवा, न्यूयॉर्कवर दुसरी. जळगावची गोळी उजेड-अंधाराच्या सीमेवर येईपर्यंत ग्लोब बाणाच्या दिशेने हळूहळू फिरवा आणि थांबा. आता मुलाला उठून डाव्या अंगाने मागच्या बाजूला जायला सांगा. न्यूयॉर्क नुकतंच उजेडात आलेलं दिसेल.

किती वाजले ते रेषा मोजून कळतं. आमच्या ग्लोबवर दर १५ अंशांना रेषा आहे, आणि दोन रेषांमधलं अंतर म्हणजे एक तास. जळगाव ७५ पूर्व रेषेला अगदी लागून आहे आणि न्यूयॉर्क ७५ पश्चिमेला. जळगावपासून पश्चिमेकडे बोट सरकवत गेलात की बरोबर दहा घरं भरतात. इथे सूर्याचे संध्याकाळचे सहा, तर तिथे सकाळचे आठ.

घड्याळ मात्र साडेदहा तासांचा फरक दाखवतं. हा अर्धा तास ग्लोबचा दोष नाही. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी पूर्व रेषेवर लावलेलं आहे. जळगाव तिच्या सात अंश पश्चिमेला आहे, म्हणून इथला सूर्य घड्याळाच्या सुमारे २८ मिनिटं मागे चालतो. अमेरिकेत उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करतात, तेव्हा फरक साडेनऊ तासांचा होतो. ग्लोबवर मात्र दहाच घरं.

रेषा दर १० अंशांना छापलेला दुसरीकडचा ग्लोब घरी असेल तर नवा घ्यायची गरज नाही. १५-१५ अंशांच्या खुणांची कागदी पट्टी आमच्याकडे सुटी मिळते. ती विषुववृत्तावर गुंडाळा. तेवढी ग्लोबचा व्यास मोजून आणा, कारण आठ इंचीला एका तासाला २.७ सेंटिमीटर लागतात आणि बारा इंचीला ४. चुकीच्या मापाची पट्टी परत घेता येत नाही.