शंकरपाळ्यातून निघणारे दोन बाण

आमच्या इमारतीत मोटरच्या खोलीतल्या भिंतीवर, पाण्याची मोटर कधी चालू-बंद करायची ते बाणांनी दाखवणारा एक तक्ता आहे. इथल्याच एका इंजिनिअरांनी तो स्केच पेननं काढून, लॅमिनेट करून लावला. नर्मदेचं पाणी इंदूरला जलूदहून, सुमारे ७० किलोमीटरवरून येतं. आमच्या नळाला ते एक दिवसाआड येतं, आणि ते खालच्या टाकीतून वरच्या टाकीत चढवायची पाळी एकेका घराकडे असते. तळमजल्यावरच्या काकांना दिसत नाही, पण आपली पाळी ते कुणाला देत नाहीत. टाकीत काठी सोडतात आणि ओल काठीवरच्या खाचेपर्यंत आली का, ते बोटांनी चाचपतात. उभ्या पाइपवर तळहात ठेवला की आत पाणी चढतंय की नाही ते त्यांना कळतं. ग्रुपवर या तक्त्याचा फोटो आला तेव्हा मात्र त्यांच्या फोनवरचं, स्क्रीन वाचून दाखवणारं टॉकबॅक फक्त "फोटो" म्हणालं.

"अगं, त्यात काय आहे ते मला ओळीनं लिहून पाठव," काका म्हणाले.

अडचण त्या 'ओळीनं'मध्येच आहे. तक्ता ओळीत नसतो, तो कागदभर पसरलेला असतो. गणिताच्या भाषेत तो ग्राफ आहे : काही बिंदू आणि त्यांना जोडणारे, दिशा असलेले बाण. चौकटीत काम लिहिलेलं असतं आणि तिच्यातून एकच बाण निघतो. प्रश्न शंकरपाळ्याच्या आकारात असतो आणि त्यातून दोन बाण निघतात, एक 'हो'चा, एक 'नाही'चा. ऐकणाऱ्यासमोर मात्र एका वेळी एकच वाक्य असतं. म्हणून चित्रात जे काम बाण करतो ते वाक्यात शब्दांनी करावं लागतं : "पायरी अमुकला जा".

आधी फोटो. ग्रुपवरून आलेली प्रत दाबून लहान झालेली होती, त्यात बाणांची टोकं विरघळून गेली होती. टोक गेलं की दिशा गेली. मी मूळ फोटो डॉक्युमेंट म्हणून मागवला, तेव्हा टोकं दिसली. पण लॅमिनेशनवर ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा चमकत होता, नेमका दुसऱ्या शंकरपाळ्यावर. त्यातला प्रश्न वाचता येत होता, "वरची टाकी भरली आहे?" उजवीकडे एक बाण "मोटर बंद करा"कडे जात होता, खाली एक "मोटर चालू करा"कडे. 'हो' पट्ट्याखाली गेला होता. 'नाही' दिसत होता, पण तो शंकरपाळ्याच्या खालच्या कोपऱ्यात, दोन्ही बाणांच्या बेचक्यात लिहिलेला. तो नेमका कुणाचा?

पहिल्या शंकरपाळ्यात 'हो' खाली जात होता आणि 'नाही' उजवीकडे. बरेच तक्ते असेच काढतात, त्यामुळे डोळ्याला सवय लागते : खाली म्हणजे हो. त्या सवयीनं लिहिलं असतं तर टाकी भरलेली असताना मोटर चालू झाली असती आणि रिकामी असताना बंद राहिली असती. शंकरपाळ्याचा अर्थ बाणाच्या दिशेवर नसतो, बाणावरच्या शब्दावर असतो. मग मी बाकीची शंकरपाळी पाहिली. हा हात उभ्या बाणाचं लेबल नेहमी बाणाच्या उजव्या अंगाला लिहितो आणि आडव्या बाणाचं त्याच्या वर. बेचक्यातला 'नाही' उभ्या बाणाच्या उजवीकडे होता, म्हणून तो खालच्या बाणाचा. उरलेला बाण 'हो'चा, कारण शंकरपाळ्यातून दोनच बाण निघत होते. अर्थही जुळला : टाकी भरली नाही, तर मोटर चालू. अर्थ मी शेवटी पाहिला, आणि तोही फक्त पडताळणीसाठी. अर्थावरूनच लेबलं भरायला लागलं तर तक्त्यात काय आहे याऐवजी आपल्याला काय बरोबर वाटतं ते लिहिलं जातं. दोन्ही लेबलं दिसत नसती तर मी जिना उतरून भिंतीपाशी गेले असते.

वाक्यं लिहिण्याआधी फोटोच्या प्रिंटवर पेन्सिलीनं आकडे घातले. पद्धत अशी : सुरुवातीपासून निघायचं, शंकरपाळं आलं की एक बाण धरायचा आणि दुसरा 'बाकी' म्हणून बाजूला टिपून ठेवायचा. धरलेली वाट संपली, किंवा आधी आकडा पडलेल्या आकाराला जाऊन मिळाली, की बाकीतला बाण उचलायचा. बाकी रिकामी झाली की सगळे आकार पाहून झाले. मी फक्त एवढं केलं की काम संपवणाऱ्या दोन चौकटी शेवटच्या आकड्यांसाठी राखून ठेवल्या. आकडा हे इथे त्या आकाराचं नाव आहे, घराच्या नंबरासारखं. क्रम त्यातून निघत नाही, तो "जा"मधून निघतो.

असं लिहून झालं :

१. प्रश्न : खालच्या टाकीत पाणी खुणेच्या वर आहे का? हो असेल तर पायरी ३ ला जा. नाही तर पायरी २ ला जा.
२. १५ मिनिटं थांबा. मग पायरी १ ला परत जा.
३. प्रश्न : वरची टाकी भरली आहे का? हो असेल तर पायरी १० ला जा. नाही तर पायरी ४ ला जा.
४. मोटर चालू करा. मग पायरी ५ ला जा.
५. प्रश्न : २ मिनिटांत वर पाणी पडू लागलं का? हो असेल तर पायरी ६ ला जा. नाही तर पायरी ७ ला जा.
६. मोटर १५ मिनिटं चालू ठेवा. मग पायरी १ ला परत जा.
७. मोटर बंद करा. मग पायरी ८ ला जा.
८. प्रश्न : आज प्रायमिंग एकदा करून झालं आहे का? हो असेल तर पायरी ११ ला जा. नाही तर पायरी ९ ला जा.
९. प्रायमिंग करा. मग पायरी ४ ला परत जा.
१०. मोटर बंद करा. काम संपलं.
११. प्लंबरला फोन करा. काम संपलं.

प्रायमिंग म्हणजे पंपाच्या पोटात वरून पाणी ओतून आतली हवा घालवणं. हवा भरलेला पंप नुसता फिरतो, पाणी ओढत नाही.

पायरी ४ च्या शेवटी "पायरी ५ ला जा" हे फुकटचं वाटेल, पुढचा आकडा तोच तर आहे. तरी ते हवं. एकदा का काही पायऱ्यांना "जा" आहे आणि काहींना नाही असं झालं, की जिथे ते चुकून राहिलं तिथे ऐकणारा सरळ पुढे घसरतो. पायरी ९ चं "४ ला परत जा" गळलं, तर प्रायमिंग करून माणूस पायरी १० वर येतो, मोटर बंद करतो आणि काम संपलं असं समजतो. वरची टाकी कोरडीच. प्रत्येक पायरीला "जा" किंवा "संपलं" यातलं एक असेल तर गळलेलं लगेच ऐकू येतं.

'३ अ', '३ आ' असे पोटआकडे का नाहीत? वाटा झाडाच्या फांद्यांसारख्या फक्त फुटत जात असतील तर ते छान चालतात. इथे वाटा पुन्हा एकत्र येतात. "मोटर चालू करा"कडे दोन बाण येतात, ३ मधून आणि ९ मधून. पायरी १ कडे तीन येतात. पोटआकड्यांत हीच कामं दोन-तीनदा लिहावी लागतील, आणि उद्या एका जागी बदल केला की दुसरी जागा जुनीच राहील. प्रोग्राम लिहिणाऱ्यांना इतके "जा" खटकतील. संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी १९६८ मध्ये `goto`, म्हणजे 'अमुक ठिकाणी जा' या आज्ञेविरुद्ध पत्र छापलं, तेव्हापासून प्रोग्राममध्ये तसल्या उड्या टाळतात, आणि ते योग्यच आहे. पण आपल्याला इथे प्रोग्राम रचायचा नाही. दुसऱ्यानं काढलेले बाण जसेच्या तसे शब्दांत आणायचे आहेत, आणि बाण म्हणजे "जा"च.

काही गळलं का, हे मोजून कळतं. तक्त्यात एक सुरुवात, एक शेवट, ४ शंकरपाळी आणि ७ चौकटी, मिळून १३ आकार. शेवट सोडून प्रत्येकातून एक बाण निघतो, म्हणजे १२. शंकरपाळ्यातून एक जास्तीचा, म्हणजे आणखी ४. एकूण १६ बाण हवेत. बाण शेपटीकडून मोजायचे, कारण वाटेत दोन बाण एकमेकांत मिसळले तर टोकाकडून ते एकच दिसतात. माझ्या यादीत "जा" १३ वेळा आलं होतं, "संपलं" २ वेळा, आणि सुरुवातीचा न लिहिलेला १. सोळा. पण ही मोजणी गळलेला बाण पकडते, हो-नाहीची अदलाबदल झाली तर पकडत नाही. त्यासाठी मी प्रत्येक प्रश्नाचा 'हो' आणि 'नाही' पुन्हा एकदा फोटोवर बोट ठेवून पाहिला.

प्रत्येक पायरी वेगळा मेसेज करून पाठवली, म्हणजे काकांनी बोट सरकवलं की एकेक पायरी वाचली जाईल. दुपारी त्यांनी खाली बोलावलं. ते तोंडानं पाळी करून पाहत होते.

"एक... पाणी आहे. तीन... भरली नाही. चार, मोटर लावली. पाच, पडतंय. सहा, पंधरा मिनिटं. परत एक. आता समज, नळाचं पाणी गेलंय आणि टाकी खुणेच्या खाली आली. मग दोन. 'पंधरा मिनिटं थांबा.' अगं, पण मोटर चालूच आहे ना?"

मी फोटो काढून पाहिला. यादी बरोबर होती, तक्त्यातच तसं होतं. पहिल्या फेरीत पायरी २ ला येताना मोटर बंद असते, म्हणून "थांबा" पुरतं. सहावरून फिरून येताना ती चालू असते. चित्रात वळणारा बाण दिसतो, वाट पूर्ण झाली असं वाटतं आणि डोळा पुढे जातो. मोटर चालू आहे की बंद, हे चित्रात कुठेच काढलेलं नसतं, ते चालणाऱ्याला लक्षात ठेवावं लागतं. काकांनी ते ठेवलं होतं.

खुणेखाली साधारण २० मिनिटं पुरेल एवढं पाणी उरतं. पाणी खुणेच्या जेमतेम वर असताना "हो" म्हणून मोटर १५ मिनिटं चालली, तर राहतं ५ मिनिटांचं. पुढच्या फेरीत उत्तर "नाही", आणि चालू मोटरसकट १५ मिनिटं थांबायचं. म्हणजे १० मिनिटं पंप कोरडा फिरणार. दांड्याभोवतीचं सील पाण्यानंच थंड राहतं. कोरडं फिरलं की ते तापून खराब होतं आणि तिथून पाणी गळायला लागतं.

मला लगेच पायरी २ दुरुस्त करावीशी वाटली. पण यादी आणि भिंत वेगवेगळं बोलू लागली असती, आणि पुढच्या पाळीच्या माणसाला खरं कुठलं ते कळलं नसतं. म्हणून यादी तशीच ठेवली, इंजिनिअरांना काकांचा प्रश्न कळवला आणि काकांना तेवढ्यापुरतं तोंडी सांगितलं. संध्याकाळी इंजिनिअर स्वतः मोटरच्या खोलीत आले. त्यांनी प्लॅस्टिकवर एक पट्टी चिकटवून "१५ मिनिटं थांबा"च्या चौकटीत त्याआधी लिहिलं, "मोटर चालू असेल तर बंद करा." ट्यूबलाइट बंद ठेवून, दाराच्या उजेडात मी नवा फोटो काढला. आकार १३च राहिले, बाण १६च. फक्त पायरी २ चा मेसेज बदलून काकांना पुन्हा पाठवला.